बाबांच्या बीपीच्या नोंदी हरवल्या, आता डॉक्टरांना काय दाखवायचं?

मेलबर्नहून एका ताईंनी लिहिलंय. आई-बाबा कोथरूडला, दोघंच. बाबांची बीपीची गोळी २ जूनला वाढवली आणि डॉक्टरांनी महिनाभराच्या नोंदी आणायला सांगितलं. बाबा रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडे लिहायचे आणि महिना संपला की पानाचा फोटो लेकीला पाठवायचे. जूनचा फोटो आला, पान रद्दीत गेलं, आणि त्याच आठवड्यात ताईंनी फोन बदलला. फोटो गेला. आता बाबा म्हणतात, "मला आठवतंय, एकशेतीस-पस्तीसच्या आसपास होतं, तेच लिहून दे."

ताई, ते मात्र लिहू नका. मी बरीच वर्षं एका फिजिशियनच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवायचं काम केलं आहे. आठवून लिहिलेला कागद लगेच ओळखू येतो. त्यातला प्रत्येक आकडा शून्यानं नाहीतर पाचानं संपतो. मशीन सगळेच आकडे असे कधी देत नाही.

आधी बाबांच्या फोनमध्ये पाहा. फोटो त्यांनीच काढला होता, म्हणजे तो गॅलरीत किंवा डिलीट केलेल्या फोटोंच्या कचरापेटीत असू शकतो. अँड्रॉइड फोनवर पाठवलेले फोटो व्हॉट्सॲप स्वतंत्र फोल्डरमध्येही ठेवतं. तिथे नसेल तर खरा दस्तऐवज मशीनमध्येच आहे. दंडावर पट्टा बांधायची बरीचशी मशीन ३०, ६० किंवा त्याहून जास्त रीडिंग साठवतात. अगदी साधी काही फक्त शेवटचं एकच ठेवतात, तसं असेल तर हा मार्ग बंद. पण मेमरी असेल तर घाई करा, कारण ती भरली की सगळ्यांत जुनं रीडिंग पुसून नवं बसतं.

व्हिडिओ कॉल लावा आणि बाबांना मेमरीचं बटण एकेकदाच दाबायला सांगा. दाबून धरायचं नाही, काही मशीनमध्ये त्यानं सगळी मेमरी साफ होते. पहिल्यांदा कदाचित सरासरी दिसेल, बाजूला तशी खूण असते. ते रीडिंग नव्हे, ते उतरवू नका. त्यापुढे सगळ्यांत ताजं रीडिंग आधी आणि जुनं नंतर अशा क्रमानं येतील. प्रत्येक वेळी वरचं, खालचं, नाडी, तारीख आणि वेळ, पाचही गोष्टी लिहा.

इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. २० जूनला शेजारच्या मुलानं सेल बदलले आणि घड्याळ लावलं नाही. त्यामुळे त्याआधीच्या तारखा बरोबर आहेत आणि नंतरचं सगळं मशीनच्या लेखी १ जानेवारीपासून सुरू झालंय. म्हणून आत्ताच घड्याळ दुरुस्त करू नका आणि सेलही काढू नका. आधी फरक मोजा. तुम्ही लिहिलंय की ५ जुलैला सकाळी ८:१० वाजता मशीन १५ जानेवारी, दुपारचे २:२० दाखवत होतं. म्हणजे १५ जानेवारी ही ५ जुलै, आणि घड्याळ ६ तास १० मिनिटं पुढे. मग मशीनमधलं १० जानेवारी, दुपारी १:२५ चं १३७/८४ हे रीडिंग कधीचं? पाच दिवस मागे गेलं की ३० जून येतो, आणि वेळ सकाळी ७:१५.

याचा ताळा तुमच्याकडेच आहे. बाबा रोज मोजून झाल्यावर "झालं ग, १३७" असा मेसेज टाकतात. तुमच्या फोनवर त्याची वेळ मेलबर्नची दिसणार, आणि या दिवसांत मेलबर्न साडेचार तास पुढे असतं. ३० जूनचा मेसेज पावणेबारानंतर पाच-दहा मिनिटांत आलेला असेल तर हिशेब जुळला. अशा दोन-तीन तारखा जुळल्या की बाकीच्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आईही त्याच मशीनवर मोजतात. तिथे नाडी उपयोगी पडेल. बाबांची ६० च्या आसपास आणि आईंची ८० च्या, असं तुम्हीच लिहिलंय. सकाळी सव्वासातचं, नाडी ६१ असलेलं रीडिंग बहुधा बाबांचंच. नाडी ७० असेल आणि मेसेजही नसेल, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

मे महिन्याचा फोटो आहे, आणि तो तुमच्या मुलानं एक्सेलमध्ये उतरवलाय. तो मात्र पुन्हा एकदा स्वतः तपासा. बाबा मराठी आकडे लिहितात. तिकडे वाढलेल्या पोराला मराठी सात हा इंग्रजी सहासारखा दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठासारखा. त्याच्या यादीत १२ मे रोजी खालचं ६८ आहे, फोटोत बाबांनी ७४ लिहिलंय. मराठी एक तर थेट इंग्रजी नऊच वाटतो. वरच्या आकड्यात ९३४ आलं तर चूक लगेच कळते, पण ६८ सहज खपून जातं.

दोन-तीन आकड्यांनी काय बिघडतं, असं बाबा विचारतील. त्यांना हे दाखवा. तुम्ही मशीनमधून वाचलेली सहा सकाळची वरची रीडिंग १३८, १३६, १३७, १३९, १३४ आणि १३८. सरासरी १३७. बाबांनी फोनवर सांगितलेली तीच सहा: १३५, १३५, १३५, १३५, १३० आणि १३५. सरासरी १३४. लेकीला काळजी नको म्हणून माणूस नकळत खालीच ओढतो. घरी मोजलेल्या बीपीसाठी डॉक्टर साधारणपणे १३५/८५ ही रेघ मानतात (दवाखान्यात १४०/९०), आणि ही दोन उत्तरं त्या रेघेच्या दोन बाजूंना पडतात. एका कागदावर गोळी लागू पडली असं दिसतं, दुसऱ्यावर अजून पुरेशी नाही. एकेका रीडिंगमध्ये मशीनचीही थोडी चूक असते, पण ती कधी वर तर कधी खाली जाते आणि सरासरीत बरीचशी विरते. बाबांची चूक दर वेळी एकाच बाजूला आहे, ती विरत नाही.

जे दिवस कुठेच सापडणार नाहीत, ते चौकोन रिकामे ठेवा. शेजारच्या दोन दिवसांची सरासरी काढून भरू नका. आकड्यापुढे एक अक्षर लिहा: मशीनमधून घेतलेल्याला म, मेसेजमधल्याला स, आठवणीतल्याला आ. आ असलेले आकडे सरासरीत धरायचे नाहीत. तीस दिवसांपैकी एकोणीसच भरले तरी डॉक्टरांना ते चालतं.

आईंच्या शुगरचंही विचारलंय. ग्लुकोमीटरची मेमरी सहसा मोठी असते, काहींत शेकडो रीडिंग मावतात. पण ते उपाशीपोटीचं की जेवणानंतरचं हे खूण केली नसेल तर मशीनला माहीत नसतं, ते वेळेवरून आणि आईंना विचारूनच ठरवावं लागेल. सकाळी सातचं रीडिंग चहाआधीचं की नंतरचं, हे नक्की विचारा. आणि ऑस्ट्रेलियातल्या एककात बदलून लिहू नका. तिथलं ७.२ म्हणजे इथलं १३०, १८ ने गुणायचं. पुण्यातल्या डॉक्टरांना मशीनवर दिसलेला आकडाच द्या.

सगळं उतरवून, ताळा पाहून झालं की मग बाबांना घड्याळ लावायला सांगा, आणि कोणत्या तारखेला, किती वाजता लावलं ते जुलैच्या पानावर लिहून ठेवायला सांगा.