दवाखान्यासाठी गाळा भाड्याने घेताना: वापर परवाना, मंजूर नकाशा आणि फायरचे कागद

प्रश्न: जुळे सोलापुरात तळमजल्यावरचा 600 चौरस फुटांचा गाळा बघितलाय. पुढे ओपीडी आणि मागे दोन बेड टाकायचे आहेत. वर तीन मजले फ्लॅट आहेत. मालक म्हणतात, टॅक्स पावती आहे, कमर्शियल मीटर आहे, अजून काय लागतंय? टोकन देण्याआधी बांधकाम परवानगीचे आणि फायरचे नेमके कोणते कागद मागू?

उत्तर:

टॅक्स पावती आणि मीटर बाजूला ठेवा. त्यावरून गाळा कायदेशीर आहे असं काहीच ठरत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही मिळकत कर लावते. महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ मध्ये अशा बांधकामावर कराच्या दुप्पटीपर्यंत शास्तीची तरतूद आहे, आणि कर किंवा शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच लिहिलंय. त्यामुळे पावती हातात घेतलीच तर त्यावर 'शास्ती' नावाचा रकाना आहे का ते बघा. असेल तर मालक न सांगता बरंच काही सांगून जातो.

मागायचे कागद तसे थोडे आहेत: बांधकाम परवानगी, तिच्यासोबतचा शिक्का मारलेला मंजूर नकाशा, आणि वापर परवाना, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. परवानगी ही बांधायची मुभा असते, वापरायची नव्हे. काम नकाशाप्रमाणे झालंय असं पटल्यावर पालिका वापर परवाना देते. पुष्कळ मालक परवानगीचं पत्र दाखवून 'हाच तो' म्हणतात, तेव्हा शीर्षक वाचा. वापर परवाना 'भागशः' असला तर तो कुठल्या मजल्यांना आणि कुठल्या गाळ्यांना दिलाय तेही वाचा. वरच्या फ्लॅटना मिळालाय आणि खालच्या दुकानांना नाही, असं घडतं.

आता खरं काम नकाशावर आहे, आणि ते टेप घेऊन गाळ्यात उभं राहूनच करावं लागतं. आधी नकाशावरचा सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर मालकाच्या खरेदीखताशी जुळवा. मग नकाशाचा जावक क्रमांक आणि तारीख परवानगीच्या पत्रातल्याशी जुळवा. एकाच इमारतीचे दोन-तीन सुधारित नकाशे असू शकतात, आणि तुम्हाला लागतो तो वापर परवान्यात उल्लेख असलेला शेवटचा. त्यानंतर तळमजल्याच्या आराखड्यात तुमच्या गाळ्याच्या जागी काय लिहिलंय ते शोधा. नकाशे बहुधा इंग्रजीत असतात, त्यामुळे तिथे शॉप, पार्किंग किंवा स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला, यांपैकी काहीतरी लिहिलेलं सापडेल.

उदाहरण म्हणून तुमच्याच मापाचा गाळा घेऊ. आतून रुंदी 4 मीटर आणि खोली 13.90 मीटर, म्हणजे 55.6 चौरस मीटर, तुमचे 600 चौरस फूट. आता समजा मंजूर नकाशात शॉप-1 आहे 4 बाय 6 मीटरचं, म्हणजे 24 चौरस मीटर, जेमतेम 258 चौरस फूट. त्याच्या मागचे 6 मीटर पार्किंग म्हणून दाखवलेत. आणि अगदी शेवटचे 1.90 मीटर इमारतीच्या बाहेर, मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या मार्जिनमध्ये, पत्रा टाकून आत घेतलेत. म्हणजे भाडं 600 फुटांचं आणि मंजूर दुकान त्याच्या निम्म्याहूनही कमी. वर गंमत अशी की तुमचे दोन बेड नेमके पार्किंगमध्ये आणि मार्जिनमध्ये येतात.

गाळ्यात उभं राहिल्यावर हे कळायला नकाशाही लागत नाही. मधेच जमिनीची पातळी किंवा फरशी बदलते, एखादा कॉलम भिंतीत न बसता खोलीत मधोमध उभा असतो, मागच्या टोकाला स्लॅब संपून पत्रा सुरू होतो, आणि फ्लॅटवाल्यांच्या गाड्या रस्त्यावर लागलेल्या असतात. यातलं एक जरी दिसलं तरी नकाशा बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

'नियमित करून घेऊ' हे उत्तर पार्किंगच्या बाबतीत सहसा फसवं असतं. वरच्या फ्लॅटसाठी जेवढं पार्किंग नियमाने लागतं तेवढं दाखवूनच नकाशा मंजूर झालेला असतो. ते दुसरीकडे कुठे भरून निघणार नसेल तर दुकान म्हणून नियमित होणार कसं? सामासिक अंतराचंही तेच, शिवाय आगीच्या वेळी आत यायची-जायची जागा तीच असते. नगररचना अधिनियमाखालची नोटीस मालकाच्या नावे निघेल, पण पाडापाडी किंवा सील होईल ते तुमच्या खर्चाने केलेलं इंटिरिअर.

मालक 'फाईल सापडत नाही' म्हणाले तर त्यांच्याच सहीने महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायला सांगा. हा सगळ्यात सरळ रस्ता. तुम्ही माहिती अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज करू शकता, पण उत्तराची मुदत 30 दिवसांची, आणि त्रयस्थ व्यक्तीची माहिती म्हणून मालकाचं म्हणणं मागवलं की आणखी वेळ जातो. स्वतःच्या इमारतीच्या नकाशासाठी अर्जावर सही करायला जो मालक आढेवेढे घेतो, त्याच्याकडे टोकन देण्यात मला शहाणपण दिसत नाही.

जागा गुंठेवारीतली असेल तर 'गुंठेवारी झालीय' एवढ्यावर थांबू नका. प्लॉट नियमित झालाय की त्यावरचं बांधकामही, आणि बांधकाम असेल तर कुठल्या मजल्यापर्यंत आणि कुठल्या वापरासाठी, हे नियमितीकरणाच्या प्रमाणपत्रात आणि त्यासोबतच्या नकाशात बघा. गावठाणातल्या जुन्या इमारतीत वापर परवाना मिळणं अवघड. तिथे मिळकत पत्रिका, मिळेल ती जुनी परवानगी आणि संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र मागा. 30 वर्षांपुढच्या इमारतींसाठी महापालिका अधिनियमाच्या कलम 265-अ खाली हे प्रमाणपत्र मालकाने द्यायचंच असतं.

आता फायर. इथे तीन वेगळे कागद 'फायर एनओसी' या एकाच नावाने खपवले जातात. पहिला म्हणजे प्रोव्हिजनल एनओसी. तो बांधकामाआधी मिळतो आणि 'अमुक अमुक बसवा' अशा अटींची यादी असतो. दुसरा अंतिम एनओसी. काम झाल्यावर, यंत्रणा बसल्याचं बघून तो मिळतो. तिसरा फॉर्म बी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे बसवलेली यंत्रणा चालू आहे असं लायसन्स्ड एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. (यंत्रणा पहिल्यांदा बसवल्यावर एजन्सी देते तो फॉर्म ए.) अंतिम एनओसी कितीही चांगला असला तरी चालू सहामाहीचा फॉर्म बी नसेल तर यंत्रणा आज चालते याचा कागदोपत्री पुरावा नाही. आणि सिलिंडर रिफिल केल्याचं बिल हा यांतला कुठलाच कागद नाही.

एनओसीत इमारतीचा पत्ता, मजले, उंची आणि वापर वाचा. 'रहिवास व दुकाने' असं लिहिलेल्या इमारतीत बेडचा दवाखाना आपोआप बसत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत नुसतं डॉक्टरांचं कन्सल्टिंग ऑफिस हे व्यावसायिक वापरात मोडतं, पण रुग्ण झोपवून ठेवायची जागा संस्थात्मक वापरात जाते. कारण साधं आहे: सलाइन लावलेला माणूस धूर झाला की उठून पळू शकत नाही. तुमचे दोन बेड म्हणजे दिवसाची निगराणी की रात्रीचा मुक्काम, यावर नर्सिंग होम नोंदणी लागते का ते ठरतं, आणि ती लागली की अग्निसुरक्षेचा कागद तिथे मागितला जातोच. म्हणून टोकन देण्याआधी गाळ्याचा नकाशा घेऊन पालिकेच्या आरोग्य विभागात आणि अग्निशमन विभागात एकेक चक्कर मारा आणि बेडसकट वापर सांगून विचारा. 'फक्त ओपीडी' म्हणून विचारायचं आणि नंतर बेड टाकायचे, हे अंगाशी येतं.

मालक म्हणतील, 'इमारत लहान आहे, फायर लागत नाही.' संहितेत 15 मीटर व त्यावरची इमारत उंच धरली जाते आणि तळमजला अधिक तीन मजले बहुधा त्याखाली बसतात, त्यामुळे बांधताना वेगळा एनओसी घेतलेला नसणं शक्य आहे. ते खरं की खोटं, हे बांधकाम परवानगीच्या अटींवरून कळतं: अग्निशमन विभागाच्या दाखल्याचा उल्लेख तिथे असेल तर तो दाखला असायलाच हवा. आणि इमारतीला लागला नव्हता म्हणून तुमच्या वापरालाही लागणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

इमारतीत होज रील, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा गुंडाळलेला पाइप, असेल तर ती उघडून पाणी सोडायला लावा. फॉर्म बी असूनही पाणी न येण्याची कारणं ठरलेली असतात: गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, पंप ऑटोऐवजी मॅन्युअलवर, किंवा पंपाचं मीटर बिल्डरच्या नावावर राहून बिल थकल्याने कापलेलं. गाळ्यात बाहेर पडायची वाट पुढच्या शटरशिवाय दुसरी आहे का तेही बघा. रात्री शटर अर्धं ओढून आत रुग्ण ठेवायची पद्धत सर्रास दिसते, आणि मागचं दार पत्र्याच्या शेडमध्ये उघडत असेल तर ते दार नसल्यासारखंच. बाहेर पडायचं दार किमान 1 मीटर रुंद आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं.

कागद पटले तरी करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. वापर: 'दवाखाना, दोन बेडसह'. मंजूर नकाशा, वापर परवाना आणि फॉर्म बी यांच्या प्रती कराराला जोडलेल्या. सामाईक यंत्रणेचा फॉर्म बी मालक काढेल आणि गाळ्याच्या आतलं तुम्ही, कारण कायदा मालक आणि भोगवटादार दोघांनाही धरतो. आणि बांधकामाच्या किंवा मूळ परवानगीच्या कारणाने नोटीस आली किंवा सील लागलं तर लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी गाळा न सोडण्याची अट, लागू नाही, त्या दिवसापासून भाडं बंद आणि डिपॉझिट ठरलेल्या दिवसांत परत. करार नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. टोकन द्यावंच लागलं तर पावतीवर 'वापर परवाना व मंजूर नकाशा 15 दिवसांत न दाखवल्यास पूर्ण रक्कम परत' एवढी एक ओळ मालकाच्या सहीने घ्या, आणि रक्कम चेकने किंवा खात्यावरच द्या.