साहेबाला 'हो' म्हणण्याआधी

"मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दोन वर्षं झाली. मोठ्या साहेबांनी दीड महिन्याचं काम तीन आठवड्यांत मागितलंय. मी म्हटलं, आत्ता हो म्हणून टाक, पुढचं पुढे बघू. ती म्हणते नोकरी सोडून कॅट देते. देऊ दे का?" – एक वडील, सांगली

कॅट दर नोव्हेंबरला असते, ती कुठे पळून जात नाही. मला खटकलं ते तुमचं "हो म्हणून टाक". अहो, तिच्या हो वर साहेब क्लायंटला शब्द देऊन बसतात, आणि विसाव्या दिवशी काम झालं नाही की तेव्हा सांगणं म्हणजे फसवणूकच वाटते. पहिल्या दोन दिवसांत सांगितलं तर तेच साधं नियोजन असतं. त्यामुळे दबाव टाकायचाच तर लवकर बोलण्याचा टाका.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं असंच झालं होतं. दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर, टेस्टिंग धरून बिलाला १४ दिवस, जीएसटी रिपोर्टला १२, स्टॉकला २०, मेसेजला १०, म्हणजे एका माणसाचे ५६ दिवस. माणसं दोन, कामाचे दिवस १५, म्हणजे हातात ३०. मी त्याला म्हटलं, हा कागद घेऊन जा पण आधी विचार, ही तारीख आली कुठून? तर क्लायंटला ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र भरायचं होतं. म्हणजे स्टॉकची घाई कुणालाच नव्हती!

मग त्याने तीन पर्याय ठेवले. तारीख तीच, पण फक्त बिल आणि जीएसटी, २६ दिवसांचं काम आणि चार दिवस अडीअडचणीला. किंवा सगळं काम, पण सहा आठवडे. किंवा सगळं काम आणि आणखी दोन माणसं, तेही हा कोड आधीपासून माहीत असलेली, आणि तरी स्टॉक आठवडाभर लांबेल कारण बिल पक्कं झाल्याशिवाय ते सुरूच होत नाही.

इथेच सगळे फसतात, माणसं दुप्पट केली की वेळ निम्मा होतो असं धरून चालतात. नवीन माणूस पहिला आठवडा शिकतो आणि त्याला शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो, तीन आठवड्यांच्या कामात तो परवडत नाही. आणि टेस्टिंग कापू हा चौथा पर्याय तुमच्या मुलीने स्वतःहून ठेवूच नये, कारण साहेब तोच उचलणार.

त्या मुलाच्या साहेबांनी पहिला घेतला. पण "सगळंच हवं, माणसं नाहीत, तारीख तीच" असंही ऐकायला मिळू शकतं, तेव्हा वाद घालायचा नाही, एवढंच विचारायचं की वेळ संपला तर सगळ्यात शेवटी काय राहिलेलं चालेल, आणि जे उत्तर येईल ते त्याच दिवशी मेलवर टाकायचं, साहेबांना आणि टीमलीडला दोघांनाही.