फ्रीलान्सरांच्या सामायिक जागेला नाव काय द्यावं?

*प्रश्न: लहान गावात फ्रीलान्सरांसाठी एकत्र बसून काम करायची जागा सुरू करतोय. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच बुजू नये, असं नाव हवंय. कसं ठरवू?*

मी अशीच एक जागा चालवतो आणि तिचं नाव एकदा बदललंय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आमचं पहिलं नाव होतं ‘सृजनकक्ष’. ऐकायला छान, अर्थही चांगला. पण दारात आलेला प्रत्येक जण आधी विचारायचा, “इथे चित्रकलेचा क्लास असतो का?” किंवा “ॲडमिशन सुरू आहे का?” फोनवर पत्ता सांगताना तर रोजची कसरत. मराठी माणूस त्या ‘सृ’चा उच्चार ‘स्रु’ करतो म्हणून srujan टाइप करायचा, हिंदीची सवय असलेला srijan टाइप करायचा, आणि दोघांपैकी एकाला आमची जागा नकाशावर सापडायचीच नाही.

तेव्हा मी एक वही ठेवली आणि दोन महिने आलेल्या प्रत्येक नव्या माणसाचा पहिला प्रश्न तिच्यात लिहिला. जवळजवळ सगळे प्रश्न तीनच होते: हे नक्की काय आहे, मी आत येऊ शकतो का, आणि एका दिवसापुरतं बसता येतं का. एकटं नाव या तिन्हींना पुरं पडत नाही, हे त्या वहीतून कळलं. नावाने ‘या’ म्हणावं, बाकीचं त्याखालच्या ओळीने सांगावं.

‘को-वर्किंग’ हा शब्द नावात घालायचा मोह होईल. आजच्या अर्थाने तो वापरात आला 2005 साली, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॅड न्यूबर्ग यांनी अशी जागा उघडली तेव्हापासून. मोठ्या शहरात तो रुळलाय, लहान गावात मात्र अर्ध्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो. ‘फ्रीलान्सर’चंही तसंच. माझ्याकडे नियमित बसणारी एक अनुवादक आणि हिशेब लिहून देणारे एक काका स्वतःला फ्रीलान्सर म्हणतच नाहीत. नावात तो शब्द असता तर ही जागा आपल्यासाठी नाही, असं समजून ते परत गेले असते.

नवं नाव शोधताना शेवटी तीन उरली. ‘कट्टा’ ओळखीचा आणि आपुलकीचा, पण गप्पांचा. शांतता हवी असलेला माणूस तिथे लॅपटॉप घेऊन येणार नाही. माझ्या आडनावावरून एक नाव सुचवलं गेलं, ते मी लगेच खोडलं. आडनाव दिसलं की माणसाला ते कुणाचं तरी खासगी ऑफिस वाटतं आणि तो बाहेरूनच डोकावून जातो. तिसरं नाव ‘ओसरी’. घराचा हा भाग आत-बाहेरच्या मधला. तिथे परक्यानेही टेकावं, त्याला कुणी कशाला आलास विचारत नाही. मला नेमका हाच भाव हवा होता.

तरी पाटी रंगवण्याआधी परीक्षा घेतली. ओळखीच्या दहा जणांना फोन केला, नाव एकदाच उच्चारलं आणि ते मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगितलं. सहा जणांनी osari लिहिलं, चौघांनी osri. दोनच रूपं आली म्हणून नाव पास केलं. तुमच्या नावाची चार-पाच रूपं आली तर ते कितीही आवडलं असलं तरी सोडा. वेबसाइटचा पत्ता दोन्ही स्पेलिंगने घ्यावा आणि एकावरून दुसऱ्याकडे वळवावं. तो मिळतो का, आणि तेच नाव आसपास कुणी आधीच वापरत नाही ना, हे पाटीच्या आधीच बघा.

खालची ओळ मात्र अगदी सपाट ठेवली: ‘बसून काम करायची जागा. एका दिवसासाठीही या.’ तिच्यात एकही शब्द सुंदर नाही, पण आत पाऊल टाकायला लावते ती हीच ओळ. ती नावाच्या निम्म्या आकारात तरी असू द्या, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून वाचता येते.

ही ओळ गूगल नकाशावर मात्र नावात घुसवू नका. तिथे पाटीवरचं खरं नावच द्यायचं असा नियम आहे, जादा शब्द जोडले तर नोंद निलंबित होऊ शकते. ‘को-वर्किंग’ तिथे प्रकाराच्या रकान्यात निवडा. शोधणाऱ्याला तुम्ही तिथून सापडता, आणि ज्यांना तो शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी पाटी आहेच.

नाव बदलल्यावरही वही चालू ठेवली. ‘क्लास आहे का’ हा प्रश्न बंद झाला. आता येणारा बहुतेक वेळा विचारतो, “कुठे बसू?”