ऑर्डर फॉर्मचे ईमेल का थांबले आणि काय दुरुस्त केले

नमस्कार,

वेबसाइटच्या ऑर्डर फॉर्मवरून आपल्याला येणारे ईमेल थांबले होते, पण फॉर्म बंद पडला नव्हता. ग्राहकांच्या ऑर्डर वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये नोंदल्या जात होत्या, आणि न पोहोचलेल्या सर्व ऑर्डरची यादी मी सोबत जोडली आहे. ती कृपया आधी पाहावी, कारण ते ग्राहक उत्तराची वाट पाहत आहेत.

फॉर्म प्रत्येक ईमेल ग्राहकाच्याच पत्त्यावरून आल्यासारखा पाठवत असे. ग्राहकाच्या ईमेल सेवेने आपल्या सर्व्हरला तशी परवानगी दिलेली नसल्यामुळे, आपली मेलसेवा असे ईमेल बनावट समजून नाकारू लागली. नव्या वेबसाइटवर ही चूक फार वेळा आढळते. आता From मध्ये दुकानाचा पत्ता आणि Reply-To मध्ये ग्राहकाचा पत्ता आहे, त्यामुळे ‘रिप्लाय’ केल्यावर उत्तर ग्राहकालाच जाईल. शिवाय ईमेल आता दुकानाच्या मेल खात्यातून, पासवर्डसह पाठवले जातात.

सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळाव्यात:

- त्या खात्याचा पासवर्ड बदलल्यास मला लगेच कळवावे, अन्यथा ईमेल पुन्हा थांबतील.
- आठवड्यातून एकदा स्वतः चाचणी ऑर्डर द्यावी. ‘धन्यवाद’ हा संदेश दिसला म्हणजे ईमेल पोहोचला असे नव्हे. इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही पाहावेत.