नवऱ्यासाठी चिठ्ठी: अक्षर मोठं आणि भाषा घरची

«आम्ही देवगडकडचे. नवरा ट्रॉलरवर खलाशी, शाळा चौथीपर्यंत. वाचतो, पण एकेक अक्षर लावत. एक ऑगस्टला बोटी सुटतील तेव्हा त्याच्या खिशात प्रेमाची चिठ्ठी ठेवायची आहे. कशी लिहू?»

ताई, मी बरीच वर्षं बंदरावर प्रौढांचा रात्रीचा वर्ग घेतला आहे. एक गोष्ट आधी धरून चला: चिठ्ठी वाचता आली नाही तर तो ती दुसऱ्या खलाशाकडे देईल, किंवा लाजून कुणालाच दाखवणार नाही. ती त्याला एकट्याला वाचता आली पाहिजे.

म्हणून पुस्तकी मराठी नको, तुम्ही बोलता तीच मालवणी लिहा. अडखळत वाचणारा पुढचा शब्द कानाच्या ओळखीने पकडतो. 'तुझ्या विरहात क्षण युगासारखा' यात तो 'क्ष'पाशीच थांबेल. त्याऐवजी हे बघा:

तू जेवलस काय?
घर मोठा वाटता.
राती झोप येना.
माका तू आवडतस.
बेगीन ये.

यात एकही जोडाक्षर नाही. 'रात्री' लिहिलं असतं तर 'त्री' आडवा आला असता. पहिली वेलांटीही नाही. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर, त्यामुळे 'दिवस' वाचतानाही डोळा मागे-पुढे होतो. 'प्रेम' मात्र हवं तर लिहा. जोडाक्षर असलं तरी सिनेमाच्या पोस्टरवर इतक्यांदा पाहिलेलं असतं की तो आकारच ओळखेल.

आता अक्षर. दुरेघी वहीचं पान घ्या, रेघांमधली जागा पूर्ण भरा आणि प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सोडा. एका ओळीत एकच वाक्य, शब्द तोडून खाली न्यायचा नाही. दोन शब्दांमध्ये बोटभर जागा ठेवा, नाहीतर शिरोरेषा एकमेकींना चिकटून दोन शब्दांचा एक होतो.

घोटाळा होतो तो शिरोरेषेतच. 'घ'ची रेघ सलग असते, 'ध'ची सुरुवातीला तुटते. घाईत 'घर'चं 'धर' होतं. 'भ' आणि 'म'चंही तसंच, 'मन भरता'चं 'मन मरता' झालं तर बिचारा समुद्रात घाबरायचा! 'ख'चे दोन भाग खाली जोडा, नाहीतर तो 'रव' वाचेल.

काळं किंवा निळं बॉलपेन वापरा. जेलची शाई खाऱ्या दमटपणात पसरते. घडी ओळीवर पडू देऊ नका, कोऱ्या जागेत पाडा, आणि छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. फुलं-बाहुल्या काढू नका, पोराची वही वाटते.

देण्याआधी तीच चिठ्ठी दुसरी-तिसरीतल्या एखाद्या पोराकडून वाचून घ्यावीशी वाटेल. चिठ्ठी तशी नका देऊ, गावभर होईल! 'घर' आणि 'बेगीन' एवढेच शब्द वेगळ्या कागदावर लिहून दाखवा. तो अडला की अक्षर नीट करा.

आणि फोनवर 'वाचलंस काय?' असं विचारू नका, बाजूला चारजण असतात. तो आपणहून जेवल्याचं सांगेल तेव्हा समजा.