निवृत्तीपर्यंत आरोग्य विम्याचा एकूण हप्ता किती?

प्रश्न: मी ठाण्यात राहतो, वय ४६. हप्ता १८,५०० वरून एकदम २४,००० झाला. साठीपर्यंत एकूण किती भरावे लागतील?

उत्तर: ही ३० टक्के वाढ पुढे दरवर्षी लावू नका, तिच्यात दोन वाढी मिसळल्या आहेत. कंपनीचा आजचा दरतक्ता काढा आणि त्यात ठाण्याचा झोन बघा (बऱ्याच कंपन्यांत तो मुंबईचाच असतो). समजा, ४१-४५ वयोगटाला आज २०,००० आहेत. मग १८,५०० ते २०,००० ही ८ टक्के दरवाढ आणि २०,००० ते २४,००० ही वयाची उडी.

आता त्याच तक्त्यातले पुढचे गट घ्या. ५१-५५ ला ३०,००० आणि ५६-६० ला ३८,००० धरले, तर ४६ ते ५९ या १४ हप्त्यांचे आजच्या दराने ४.२२ लाख होतात. त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ लावली की सुमारे ७.७ लाख, आणि शेवटचा हप्ता एकटाच १.०३ लाख.

दरवाढ मात्र सहसा दरवर्षी येत नाही, दोन-तीन वर्षांनी एकदम येते. म्हणून एका वर्षावर विसंबू नका, पाच वर्षांपूर्वीच्या नूतनीकरणाच्या नोटिशीतला हप्ता त्याच वयोगटाच्या आजच्या दराशी ताडून वार्षिक सरासरी काढा. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या रकमेत १८ टक्के जीएसटी असेल, तर आधी १.१८ ने भागा. नाहीतर दरवाढ खरीपेक्षा कमी दिसेल. कुटुंबाची एकत्र फ्लोटर पॉलिसी असेल तर गट सहसा सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावरून ठरतो.