पेटीवर तारीख कुठे आहे?

प्रिय मित्रा,

तुझा निरोप तीनदा वाचला. 'तक्रारी वाढल्यात, पुढच्या मोसमात जाहिरात दुप्पट करू का?' जाहिरातीचं नंतर बघू. तू पाठवलेल्या फोटोतल्या एकाही पेटीवर आंबा कधी उतरवला ती तारीख नाही. वजन आहे, प्रत आहे, बागेचं नाव आहे, लोगोसुद्धा छान आहे. तारीख तेवढी नाही.

हापूस झाडावर पिकवून विकत नाहीत, हे तुझ्या वडिलांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चौदा आणे तयार झाला की तो उतरवायचा. देठाजवळचे खांदे वर आलेले असतात, देठाशी खळगा पडलेला असतो, पाण्यात टाकला तर फळ बुडतं. असं फळ पेंढ्याच्या अढीत साधारण दहा-बारा दिवसांत खायला येतं, मेच्या उकाड्यात एखाद-दोन दिवस आधीच. म्हणून ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला विचारायचं ते 'कधी पाठवू' नव्हे, 'कधी खाणार'. तिथून उलटे दिवस मोजायचे.

आता तुझी अक्षय्य तृतीया घे. चाळीस पेट्यांची मागणी आली आणि तू सणाच्या चार दिवस आधी सगळा माल उतरवलास. सणाला आंबा पिकायचा असेल तर तो अकरा दिवस आधी उतरवायला हवा होता, चार-पाच दिवस अढीत ठेवून किंचित रंग धरला की पेटीत, आणि सणाच्या चार दिवस आधी पुण्यात पोचता. अकरा दिवस आधी चौदा आण्यांचं फळ बागेत चाळीस पेट्यांइतकं नव्हतं? मग पंचवीस पेट्यांचीच ऑर्डर घ्यायची होती. तू चाळीस भरण्यासाठी बारा आण्यांचा मालही काढलास. तो सुरकुततो, आंबटच राहतो, जन्मात गोड होत नाही. कार्बाइडची पुडी टाकून रंग येतो, गोडी येत नाही, आणि कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. तू ते केलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण पेटीवर तारीख नसताना गिऱ्हाइकाने ते का मानावं?

दुसरी चूक वजनावर प्रत लावताना झाली. अडीचशे ग्रॅमचे सगळे एका पेटीत, मग ते सोमवारचे असोत की गुरुवारचे. चौथ्या दिवशी अर्धे मऊ, अर्धे कडक. पिकलेल्या फळाचा इथिलीन वायू शेजारच्याला घाई करतो आणि मऊ फळ वरच्या ओझ्याने फुटून सगळी पेटी बिघडवतं. आधी तारखेने वेगळे कर, मग वजनाने. उलटं नाही. हे मी पुन्हा सांगतोय, कारण तू पुन्हा तेच करशील.

सगळ्या तक्रारी तू 'खराब निघाला' या एकाच खात्यात टाकल्यास, तेही बरोबर नाही. देठाकडून काळं पडत गेलं तर देठकूज: देठ तुटला, चीक सांडला, फळ आपटलं. झेल्याने काढताना दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेव. आंबूस वास आणि गर शिजल्यासारखा? मग पेटीला भोकं नव्हती किंवा ती बंद गाडीत दिवसभर उन्हात होती. गिऱ्हाइकाने कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं की ते पिकत नाही आणि सालीवर डाग पडतात. 'पेटी उघडा, आंबे एका थरात पसरा, फ्रिज नको' ही चिठ्ठी दोन रुपयांत छापून होते.

साक्याला मात्र बाहेरून काही दिसत नाही. कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा. उतरवलेलं फळ तापलेल्या कातळावर ठेवणं आणि जास्त तयार होईपर्यंत झाडावर ठेवणं, दोन्हींनी तो वाढतो. म्हणून सकाळी लवकर उतरव, लगेच सावलीत ने. आणि रोजच्या तोडणीतले दहा आंबे घरी ठेव, तारीख लिहून. ते पिकले की काप. दहांत दोन साक्याचे निघाले तर त्या तारखेच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या तक्रारीआधी आपणच फोन कर, जेवढी फळं साक्याची तेवढी बदलून दे. तारीख नसेल तर फोन कुणाला करणार? सगळ्या गावाला?

मी हट्टी आहे, चिडतोही. तू म्हणशील, वडिलांनी तीस वर्षं तारीख न लिहिता आंबा विकला. विकला, कारण तो वाशीच्या बाजारात अडत्यापुढे उघडला जायचा आणि बिघडला तर दर तिथेच उतरायचा. तुझी पेटी कोथरूडच्या स्वयंपाकघरात उघडते. मधला माणूस तूच काढून टाकलास, तेव्हा त्याचं काम तुलाच करावं लागणार.

जाड काळा मार्कर आण. उद्यापासून क्रेटवरच लिही, पेटी भरताना आठवून नको. वडिलांनाही एक दे. ते झाडावर कुठली फांदी कधी उतरवली हे बरोबर सांगतील. पंधरा दिवसांची वही मला दाखव, मग जाहिरातीचं विचार.

तुझा,
काका